व्हिडिओ स्वपरिचय

नोकरीच्या किंवा प्रवेशाच्या अर्जासोबत उमेदवार स्वतः रेकॉर्ड करून जोडतो ती छोटी चित्रफीत म्हणजे व्हिडिओ स्वपरिचय. मुलाखतीत समोरचा माणूस प्रश्न विचारून बोलणे वळवू शकतो. इथे तसे कोणी नसल्यामुळे काय सांगायचे, काय गाळायचे आणि कुठे थांबायचे हे उमेदवारालाच आधी ठरवावे लागते.

लांबीबाबत संस्थेने मर्यादा दिली असेल तर तीच अंतिम. अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाने 2010 च्या प्रवेशासाठी एक मिनिटाची ऐच्छिक चित्रफीत मागवली, तेव्हा सुमारे हजार अर्जदारांनी ती पाठवली. एमआयटीच्या स्लोन व्यवस्थापन संस्थेनेही एकच मिनिट ठेवले आणि चित्रण सलग, काटछाट न केलेले असावे अशी अट घातली. ब्राउन विद्यापीठाची मर्यादा 90 सेकंदांची, तर शिकागो विद्यापीठाची दोन मिनिटांची आहे. मर्यादा दिलेली नसेल तेव्हा 60 ते 90 सेकंद योग्य ठरतात. अर्ज चाळणाऱ्यापुढे आणखी बरेच अर्ज असतात, आणि शिक्षणाची यादी तर त्याला कागदावर दिसतेच. शांतपणे मराठी बोलताना मिनिटाला साधारण 110 ते 120 शब्द होतात. म्हणजे 75 सेकंदांसाठी लिहिलेला मजकूर 140 शब्दांच्या पुढे गेला, तर उमेदवार धावत बोलणार हे कागदावरच कळते. अशा वेळी वेग वाढवण्यापेक्षा एखादा मुद्दा काढून टाकणे बरे.

रचनेत मधला भाग सर्वांत मोठा असतो. समजा, मेकॅनिकल डिप्लोमा झालेला आणि कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील फाउंड्रीत काम करणारा एक उमेदवार दुसऱ्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टरच्या जागेसाठी अर्ज करत आहे. पहिल्या दहा सेकंदांत तो नाव, सध्याचे काम आणि ज्या जागेसाठी अर्ज आहे ती जागा सांगतो. पुढची चाळीस सेकंदे एकाच प्रसंगाची. साप्ताहिक सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे वायूची छिद्रे, जास्त निघत होती. नोंदवही चाळल्यावर त्याच्या लक्षात आले की हा माल पहिल्या पाळीचा आहे. सुट्टीत वाळू सुकल्यामुळे सकाळी अंदाजाने पाणी घातले जाई, ते जास्त होई आणि ओतकामात त्याची वाफ धातूत अडके. मोल्डिंग सुरू होण्याआधी वाळूतला ओलावा मोजण्याची पद्धत त्याने सुरू करून घेतली आणि रिजेक्शन घटले. उरलेल्या वीस-पंचवीस सेकंदांत हा अनुभव नव्या जागेच्या कोणत्या कामाला उपयोगी पडेल ते सांगून तो आभार मानतो आणि थांबतो.

याच जागी ‘मी मेहनती आहे, टीममध्ये काम करायला आवडते’ अशी वाक्ये आली, तर ती कोणत्याही अर्जात चालण्यासारखी असल्याने पाहणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. वरच्या प्रसंगात मात्र चिकाटी, निरीक्षण आणि कामगारांशी जमवून घेणे ही तिन्ही नावे न घेता दिसतात. दोन-तीन प्रसंग कोंबण्याचा मोह होतो, पण मग प्रत्येकाचे कारण सुटते आणि फक्त निकाल उरतो. प्रवेशाच्या अर्जात रचना तीच राहते. पदाऐवजी अभ्यासविषय येतो, आणि मधल्या भागात एखादा प्रकल्प, खेळ किंवा घरची जबाबदारीही चालते.

मजकूर पूर्ण लिहावा, पण समोर धरून वाचू नये. वाचताना डोळे ओळीबरोबर डावीकडून उजवीकडे सरकतात आणि ते पडद्यावर लगेच ओळखू येते. पाठांतराची खूण वेगळी असते. शब्द अडला की उमेदवार वाक्य पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. चार-पाच खुणेचे शब्द लेन्सच्या शेजारी चिकटवले तर दोन्ही टळतात. फोन डोळ्यांच्या उंचीवर आडवा ठेवावा आणि खिडकीकडे तोंड करून बसावे, कारण खिडकी पाठीशी आली की चेहरा काळवंडतो. चित्र थोडे कमी प्रतीचे असले तरी खपते, आवाज घुमत असेल तर मात्र पाहणारा पुढे सरकतो. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो आणि पंखा फोनला माणसाच्या कानापेक्षा जास्त ऐकू येतो, म्हणून पडदे-गाद्या असलेली खोली निवडून पंखा बंद करावा.

झालेले चित्रण एखाद्या अनोळखी माणसाला एकदाच दाखवून ‘काय लक्षात राहिले?’ असे विचारावे. उत्तरात प्रसंग आला नाही, तर मधला भाग पुन्हा लिहावा लागतो. फाइलऐवजी लिंक पाठवायची असेल, तर ती दुसऱ्याच्या फोनवर लॉगिन न करता उघडून पाहावी. पाहण्याची परवानगी दिलेली नसल्यामुळे चित्रफीत उघडतच नाही, असे बरेचदा घडते.

काही संस्था तयार चित्रफितीऐवजी पडद्यावर प्रश्न दाखवतात आणि विचाराला थोडा वेळ देऊन तिथेच उत्तर रेकॉर्ड करतात. तिथे लिहिलेला मजकूर उपयोगी पडत नाही. एक प्रसंग कारणासह चाळीस सेकंदांत सांगण्याचा सराव मात्र तिथेही कामी येतो.