तळटीप : आस बिजागरीतूनच का घेतली?

मूळ लेखकाने इथे ‘बिजागरीभोवती आघूर्णे घेऊन’ एवढेच म्हटले आहे. तुळई स्थिर असल्याने आस कुठूनही घेतली तरी आघूर्णांची बेरीज शून्यच येते. मग निवड आपल्या सोयीची. ज्या बलाची क्रियारेषा आसेतून जाते त्याचे आघूर्ण शून्य होते. बिजागरीचे बल किती, कोणत्या दिशेला, काहीच माहीत नाही. आस तिथेच घेतली की त्याचे दोन्ही घटक समीकरणातून गळतात.

उदाहरणातली तुळई आडवी, ४ मीटर लांब, २०० न्यूटन वजनाची. बिजागरीपासून ३ मीटरवर ३०० न्यूटनची पाटी टांगलेली, टोकाला ३० अंशांत वर भिंतीकडे गेलेला दोर. दोराचा ताण ‘ता’ मानला, तर ता × ४ × ½ = २०० × २ + ३०० × ३, म्हणजे ता = ६५० न्यूटन. विद्यार्थी इथला ½ (३० अंशांची ज्या) हमखास विसरतात.

गळलेले बल शून्य झाले, असे मात्र समजू नये. आता आस दोराच्या टोकाशी न्या : ताण आणि बिजागरीचा आडवा घटक दोन्ही गळतात, आणि उभा घटक ७०० ÷ ४ = १७५ न्यूटन मिळतो. ताणाचा उभा घटक ३२५. बेरीज ५००, म्हणजे एकूण भाराइतकीच. आडवा घटक ताणाच्या आडव्या घटकाएवढा, सुमारे ५६३ न्यूटन. आणखी आसा घेऊन चौथे स्वतंत्र समीकरण मिळत नाही. दुसरा दोर बांधला तर ही युक्ती अपुरी पडते. — संपादक