पूर्वज्ञान चाचणी

पूर्वज्ञान चाचणी : नवा घटक शिकवण्यापूर्वी विद्यार्थ्यांना त्यासंबंधी काय येते व त्यांच्या कोणत्या कल्पना चुकीच्या आहेत, हे शोधणारी छोटी, गुण न देता घेतली जाणारी चाचणी (पहा : आकारिक मूल्यमापन).

अध्ययनावर सर्वाधिक प्रभाव विद्यार्थ्याच्या आधीच्या ज्ञानाचा असतो, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ऑसुबेल यांनी १९६८ मध्ये मांडलेले तत्त्व या चाचणीला आधारभूत आहे (पहा : अर्थपूर्ण अध्ययन).

चाचणीची उपयुक्तता एकूण गुणांपेक्षा चुकांच्या आकृतिबंधावर अवलंबून असते. दशांश अपूर्णांकांच्या घटकापूर्वी ४.८ व ४.६३ आणि ५.७३६ व ५.६२ या जोड्यांतील मोठी संख्या विचारली, तर दशांशचिन्हापुढील अंक पूर्ण संख्येप्रमाणे वाचणारा विद्यार्थी ६३ हे ८ पेक्षा मोठे मानून पहिली जोडी चुकवतो, पण दुसरी बरोबर सोडवतो. उलट, सहस्रांश हे शतांशाहून लहान, म्हणून सहस्रांश असलेली संख्याही लहान, असे समजणारा पहिली बरोबर सोडवून दुसरी चुकवतो. दोघांची बरोबर उत्तरे एकेकच असली, तरी पहिल्याला स्थानिक किंमत आणि दुसऱ्याला दशांश व शतांश यांची बेरीज म्हणून संख्येची रचना शिकवावी लागते (पहा : उपचारात्मक अध्यापन).

दोनच पर्याय असल्याने अंदाजाने दिलेले उत्तरही निम्म्या वेळा बरोबर येऊ शकते. त्यामुळे प्रत्येक प्रकारच्या अनेक जोड्या देणे व कारण विचारणे आवश्यक ठरते. चाचणी काही दिवस आधी न घेतल्यास पाठाचे नियोजन बदलण्यास अवधी उरत नाही, आणि मग निदान केवळ नोंदीपुरते राहते.