लय-पट्टीचे वाचन : गळलेला ठोका

ईसीजीच्या कागदावर सहसा तळाशी दुसऱ्या लीडची एक लांब पट्टी असते. त्या एकाच पट्टीवरून हृदयाची लय ओळखणे म्हणजे लय-पट्टीचे वाचन. चिपळूण तालुक्यात सावर्डे येथे बी. के. एल. वालावलकर ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथले विद्यार्थी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची परीक्षा देतात. त्यांच्यासारख्या परीक्षार्थींना हमखास चकवणारा प्रकार म्हणजे मधेच ठोका गळालेली पट्टी. लय अनियमित दिसली की घाईने ‘एट्रियल फिब्रिलेशन’ लिहिले जाते आणि गुण जातात. या नोंदीत वाचनाची रीत त्याच एका प्रकारावर दाखवली आहे.

आधी कागदाचा वेग पाहावा. नेहमीचा वेग सेकंदाला 25 मिलिमीटर असतो. त्या वेगाला लहान चौकोन 0.04 सेकंदाचा आणि मोठा 0.20 सेकंदाचा. प्रश्नपत्रिकेत पट्टी बहुधा लहान करून छापलेली असते, म्हणून मोजपट्टी न लावता चौकोनच मोजावेत. ठोके एकसारख्या अंतराने पडत असतील तर 300 ला दोन आर-शिखरांमधल्या मोठ्या चौकोनांनी भागले की गती मिळते. अंतरे कमीजास्त असतील तर हा भागाकार फसवतो. तेव्हा 30 मोठ्या चौकोनांतले, म्हणजे सहा सेकंदांतले, क्यूआरएस मोजून दहाने गुणावे.

त्यानंतर क्यूआरएस बाजूला ठेवून फक्त पी-तरंग पाहावेत. बहुतेकांची चूक इथेच होते. कोऱ्या कागदाची कड पट्टीवर धरावी, लागोपाठच्या दोन पी-तरंगांपाशी पेन्सिलीच्या खुणा कराव्यात आणि कागद पुढे सरकवत न्यावा. प्रत्येक खुणेखाली पी सापडला तर वरच्या कप्प्यांची लय शाबूत आहे. खूण टी-तरंगावर पडली तर त्या टीचा आकार शेजारच्या टींशी ताडून पाहावा. पी तिथे दडलेला असू शकतो. मग प्रत्येक पीआर अंतर मोजून ओळीने लिहावे आणि शेवटी क्यूआरएसची रुंदी पाहावी. तीन लहान चौकोनांपेक्षा कमी असेल तर तो अरुंद.

सरावासाठी एक पट्टी घेऊ. पी-तरंग दर 20 लहान चौकोनांनी येतात, म्हणजे मिनिटाला 75. पहिल्या ठोक्याचे पीआर 5 चौकोन, दुसऱ्याचे 7, तिसऱ्याचे 8. चौथा पी वेळेवर येतो, पण त्याच्यामागे क्यूआरएस नाही. पाचव्याला पीआर पुन्हा 5. आर ते आर अंतरे निघतात 22, 21 आणि 37. विरामाआधी पीआर वाढते आहे, पण आर-आर अंतर कमी होते आहे. हे उलटे वाटते. याचे कारण असे की पीआर वाढत असले तरी दर खेपेची वाढ आधीपेक्षा कमी आहे : आधी 2 चौकोन, मग 1. विरामही दोन पी-पी अंतरांच्या, म्हणजे 40 चौकोनांच्या आत राहतो, कारण विरामानंतरचे पीआर 3 चौकोनांनी आखूड झाले आहे. क्यूआरएस अरुंद आहे. उत्तर : दुसऱ्या श्रेणीचा एव्ही ब्लॉक, मोबिट्झ पहिला प्रकार, 4:3 वहन. वेंकेबाख यांनी 1899 मध्ये हा नमुना नाडीच्या आलेखावरून वर्णिला होता. मोबिट्झ यांचे वर्गीकरण 1924 चे.

याच पट्टीत पीआर तिन्ही ठोक्यांत सारखे राहून विराम नेमका 40 चौकोनांचा भरला असता तर तो दुसरा प्रकार ठरला असता. त्यात अडथळा बहुधा हिसच्या जुडग्यात किंवा त्याखाली असतो, क्यूआरएस बऱ्याचदा रुंद असतो आणि पूर्ण ब्लॉकची भीती असल्याने पेसमेकरचा विचार करावा लागतो. गळालेल्या ठोक्याचा पी वेळेआधीच आला असेल, तर तो ब्लॉक नसून पुढे न पोहोचलेला अकाली एट्रियल ठोका असतो. विरामाआधीचा टी तपासायचा तो यासाठीच. पीआर मनमानी बदलते आणि आर-आर मात्र अगदी एकसारखे आहे, असे दिसले तर पूर्ण ब्लॉक समजावा. वेंकेबाखमध्येही पीआर बदलते, पण तिथे आर-आर एकसारखे नसते.

एका प्रकाराला मात्र पट्टी उत्तर देत नाही. दर दोन पींमागे एकच क्यूआरएस येत असेल तर लागोपाठची दोन पीआर अंतरे ताडायलाच मिळत नाहीत. अशा वेळी ‘2:1 एव्ही ब्लॉक’ एवढेच लिहावे. पहिला की दुसरा, हे छातीठोकपणे लिहिणे चूक आहे.

उत्तरासोबत कारण विचारले तर हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका, बीटा-ब्लॉकर आणि डिगॉक्सिन ही नावे द्यावीत. कोकणात बिट्टीचीही आठवण ठेवावी. कुंपणाला लावल्या जाणाऱ्या या पिवळ्या कण्हेरीच्या बियांत डिगॉक्सिनच्याच जातीची ग्लायकोसाइडे असतात. त्या पोटात गेल्यावर सुरुवातीचा वेंकेबाख पुढे पूर्ण ब्लॉकपर्यंत जाऊ शकतो. म्हणून अशा रुग्णाची एकच पट्टी पाहून भागत नाही, ईसीजी पुन्हा पुन्हा काढावा लागतो.