कानाला एक, डोळ्याला अनेक : व्यवसायाचे नाव आणि त्याची तीन दप्तरे

दोन शब्द एकच आहेत की वेगळे, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाला नित्याचा आहे. पाठभेद पाहताना, व्युत्पत्ती शोधताना, बोलींची तुलना करताना तो पुनःपुन्हा सामोरा येतो. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत हाच प्रश्न व्यापारी माणसाच्याही वाट्याला आला आहे. आज दुकान काढणाऱ्याला आपले नाव तीन दप्तरांत बसवावे लागते : व्यापारचिन्हांच्या नोंदवहीत, आंतरजालावरील पत्त्यांत म्हणजे डोमेनमध्ये, आणि इन्स्टाग्राम किंवा एक्ससारख्या समाजमाध्यमांवरील वापरनावांत, ज्यांना 'हँडल' म्हणतात. या तिन्ही ठिकाणी 'सारखेपणा' या शब्दाचा अर्थ निरनिराळा आहे. नाव निवडताना होणाऱ्या बहुतेक फसगतींचे मूळ या भेदात आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

प्रथम जुनी व्यवस्था पाहू. महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी 'गणेश' किंवा 'लक्ष्मी' या नावाची पाच-सात दुकाने सहज आढळतात आणि ती एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. एक किराणा विकतो, दुसरा सायकली दुरुस्त करतो. व्यापारचिन्हाचा कायदाही याच समजुतीवर उभा आहे. त्यात वस्तूंचे 34 आणि सेवांचे 11 असे एकूण 45 वर्ग आहेत. कपडे 25 व्या वर्गात, चहा आणि मसाले 30 व्या वर्गात. एकच शब्द दोन भिन्न वर्गांत दोन धन्यांच्या नावे सुखाने नांदू शकतो. मात्र एकाच वर्गात कायदा अक्षरे मोजत नाही. दोन नावे कानाला सारखी लागतात का आणि सामान्य गिऱ्हाइकाचा त्यामुळे गोंधळ उडेल का, हे तो पाहतो. म्हणजे हे दप्तर कानाने चालते.

पहिले `.com` नाव 15 मार्च 1985 रोजी नोंदले गेले, तेव्हा सुरू झालेले दप्तर अगदी उलट रीतीचे होते. डोमेनला वर्ग नाहीत, गाव नाही, देशाची सीमा नाही. `.com` मध्ये एक नाव साऱ्या जगात एकालाच मिळते. पण त्यात एक अक्षर बदलले की यंत्राच्या लेखी ते सर्वस्वी वेगळे नाव ठरते आणि कोणालाही थोड्या शुल्कात घेता येते. हे दप्तर डोळ्याने चालते, आणि तो डोळाही फक्त अक्षरांची ओळ पाहणारा. अर्थाशी त्याला कर्तव्य नाही.

कान आणि डोळा यांचा पहिला मोठा संघर्ष आपल्याकडे मुंबईतच झाला. 1999 साली रेडिफने मुंबई उच्च न्यायालयात `radiff.com` या पत्त्याविरुद्ध दावा केला. `rediff` आणि `radiff` यांत फरक एका स्वराचा. प्रतिवादींनी आपल्या नावाची व्युत्पत्ती सादर केली : 'रॅडिकल' या शब्दाची पहिली तीन अक्षरे, आणि 'इन्फर्मेशन', 'फ्यूचर' व 'फ्री' यांचे एकेक आद्याक्षर. न्यायालयाला ही व्युत्पत्ती पटली नाही. डोमेन हा केवळ पत्ता नसून त्याला व्यापारचिन्हासारखेच संरक्षण मिळाले पाहिजे, असा निर्वाळा त्याने दिला.

पाच वर्षांनी हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. सत्यम इन्फोवे या कंपनीने आपल्याच नावातून 'सिफी' हा शब्द घडवला होता आणि 1999 मध्ये `sifynet.com` व इतर काही पत्ते नोंदले होते. नंतर दुसऱ्या एका कंपनीने `siffynet.com` आणि `siffynet.net` हे पत्ते घेतले. यंत्राने ते विनातक्रार दिले, कारण त्यात एक `f` अधिक होता. याही प्रतिवादींनी व्युत्पत्ती मांडली : पाच प्रवर्तकांच्या नावांची आद्याक्षरे जोडून हा शब्द झाला. आमचा धंदाही निराळा आहे, असा त्यांचा आणखी एक युक्तिवाद होता. बंगळूरच्या दिवाणी न्यायालयाने सत्यमच्या बाजूने मनाई हुकूम दिला, कर्नाटक उच्च न्यायालयाने तो उठवला आणि 6 मे 2004 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा कायम केला. 'सिफी' हे नाव सत्यमने आधी वापरले होते आणि त्याला लोकांत ओळख मिळाली होती, हे निर्णायक ठरले.

या दोन खटल्यांतून निघणारा बोध नेमका आहे. डोमेन मोकळे असणे म्हणजे नाव मोकळे असणे नव्हे. नोंदणी करून देणारी कंपनी फक्त अक्षरे जुळवून पाहते. पुढे वाद न्यायालयात गेला की तेथे अक्षरांऐवजी उच्चार ऐकला जातो, आणि तोवर फलक, पावत्या, वेष्टने यांवर खर्च होऊन गेलेला असतो.

डोळ्याच्या या दप्तराने नावांची भाषाच बदलून टाकली. नेहमीचे इंग्रजी शब्द संपत आले, तेव्हा लोकांनी स्वर गाळायला सुरुवात केली. 2004 मध्ये छायाचित्रांच्या एका संकेतस्थळाला `flicker.com` मिळेना, म्हणून त्याने `e` टाकून देऊन `flickr` हे रूप घेतले. 2006 मध्ये सान फ्रान्सिस्कोत ट्विटर जन्मले तेही `twttr` या निःस्वर रूपात. फ्लिकरचा कित्ता हे एक कारण, आणि अमेरिकेत लघुसंदेशासाठी लागणारा पाच चिन्हांचा क्रमांक हे दुसरे. काही महिन्यांनी `twitter.com` हा पत्ता आधीच्या धन्याकडून विकत घेण्यात आला आणि स्वर परत आले. ऐकून लिहिता न येणारे नाव लोकांच्या तोंडी रुळत नाही. गाळलेल्या स्वराची किंमत अशी पुढे केव्हातरी मोजावी लागते.

तिसऱ्या दप्तराचा स्वभाव याच कंपनीच्या उत्तरायुष्यात उघड झाला. जुलै 2023 मध्ये ट्विटरचे नाव 'एक्स' झाले. `x.com` हा पत्ता इलॉन मस्क यांनी 2017 मध्येच पेपॅलकडून परत घेतला होता, म्हणून ती बाजू तयार होती. तरी पत्त्यालाही पूर्वायुष्य असते. याच डोमेनवर पूर्वी आक्षेपार्ह मजकूर असल्याच्या कारणाने इंडोनेशियात ते काही काळ बंद राहिले. `@x` हे हँडल मात्र सान फ्रान्सिस्कोतल्या एका छायाचित्रकाराकडे 2007 पासून होते. कंपनीने ते काढून घेतले. त्याला दुसरे हँडल मिळाले, काही भेटवस्तू देऊ केल्या गेल्या, पण पैसे मिळाले नाहीत. हँडल ही वापरणाऱ्याची मालमत्ता नसते, ते माध्यमाच्या मर्जीवर चालते, हे त्यातून दिसले. आणि कानाच्या दप्तरात 'एक्स' हे एकटे अक्षर दुबळेच आहे. मायक्रोसॉफ्ट आणि मेटा यांच्याकडे त्या अक्षराच्या नोंदी आधीपासून आहेत.

आता मराठी नावाचा विचार करू. `.भारत` हा देवनागरी पत्ता 2014 पासून मिळतो. यंत्र तो आतून `xn--h2brj9c` असा रोमी अक्षरांतच साठवते. परंतु इन्स्टाग्राम आणि एक्स यांवरचे हँडल देवनागरीत घेता येत नाही. त्यामुळे तिन्ही दप्तरांत चालणारे नाव व्यवहारात रोमी लिपीत उतरवावेच लागते आणि मराठीच्या ध्वनींची परीक्षा तेथे सुरू होते.

समजा, कुणाला मुलांच्या सुती कपड्यांसाठी 'झुळूक' हे नाव घ्यायचे आहे. शब्द सुंदर आहे. पण दंततालव्य 'झ' लोक `z`, `jh` किंवा `zh` असा तीन प्रकारे लिहितील आणि दीर्घ 'ळू' मधला स्वर `u` किंवा `oo` असा दोन प्रकारे. तीन गुणिले दोन, म्हणजे सहा रूपे. कानाला शब्द एकच, डोळ्याला सहा. त्यातले एक घेतले तर उरलेली पाच दुसऱ्या कुणाला मोकळी राहतात आणि ऐकून शोधणारे गिऱ्हाईक तिकडे जाते. शिवाय `zuluk` हे रूप सिक्कीममधल्या झुलुक या पर्यटनस्थळाचे आहे, त्यामुळे शोध घेताना डोंगराची छायाचित्रे पुढे येतील. 'मलमल' घ्यावे तर कपड्यासाठी ते वस्तूचे वर्णन झाले आणि वर्णनपर शब्दाची नोंदणी कायदा सहसा नाकारतो. 'ओसरी' या शब्दात मधला 'अ' उच्चारात लोपतो, म्हणून `osari` आणि `osri` अशी जोडी उभी राहते. याउलट 'कोनाडा' पाहा. प्रत्येक अक्षराला स्पष्ट स्वर आहे, 'ळ' नाही, दंततालव्य वर्ण नाही, दीर्घ 'ई' किंवा 'ऊ' नाही. दहापैकी नऊ जण `konada` असेच लिहितील, आणि कपड्यांशी शब्दाचा संबंध नसल्याने ते चिन्ह म्हणूनही बळकट आहे. परभाषिकाला त्यात कॅनडाची छाया दिसेल, एवढा दोष उरतो.

दोन शब्दांचे नाव असेल तर आणखी एक अडचण येते. डोमेनमध्ये जोडरेघ चालते पण अधोरेघ चालत नाही. हँडलमध्ये अधोरेघ चालते पण जोडरेघ चालत नाही. म्हणून दोन्हीकडे एकरूप राहायचे तर शब्द सलग लिहावे लागतात, आणि एक्सवर पंधरा अक्षरांच्या आत. सलग लिहिल्यावर ते भलतीकडे तुटून वाचले जात नाहीत ना, हे परक्याकडून वाचवून घ्यावे.

यावरून तपासण्याचा क्रम ठरतो. आधी नाव चार-पाच जणांना फोनवर सांगून रोमीत लिहायला लावावे. रूपे फुटली तर शब्द बदलावा. मग भारताच्या व्यापारचिन्ह नोंदवहीत आपल्या वर्गात शोध घ्यावा. तेथे शब्दशः शोधाबरोबर उच्चारसाधर्म्याने शोधण्याचीही सोय आहे आणि खरी उपयोगी तीच. तेथे अडथळा नसेल तर डोमेन आणि हँडले एकाच बैठकीत घ्यावीत आणि व्यापारचिन्हाचा अर्ज लगोलग करावा. पुष्कळ जण हा क्रम उलटा करतात, कारण डोमेनचे उत्तर क्षणात मिळते.

तिन्हींचे आयुष्यही सारखे नाही. व्यापारचिन्ह दहा वर्षांसाठी असते आणि नूतनीकरणाने पुढे चालते. डोमेन भाड्याने असते, भाडे चुकले की जाते. हँडलला कराराचा आधार सर्वांत तोकडा. म्हणून फलकावर आणि पावतीवर आपले डोमेन ठळक छापावे, हँडल त्याखाली. हँडल उद्या काढून घेतले गेले, तरी गिऱ्हाइकाला घर सापडेल.