उत्केंद्री केबल असलेल्या पूर्वप्रतिबलित तुळईतील मध्यगाळ्याची प्रतिबले

पूर्वप्रतिबलित काँक्रीटच्या तुळईत उच्च ताणशक्तीच्या पोलादी तारांची केबल ताणून काँक्रीटवर आगाऊ दाब दिलेला असतो. केबल छेदाच्या मध्यबिंदूखाली ठेवल्यास तिला उत्केंद्री केबल म्हणतात. हा दाब तुळईला मध्यभागी वर उचलू पाहतो, तर भार तिला खाली वाकवतो. दोन्ही टोकांना साधा आधार असलेल्या तुळईत समान पसरलेल्या भाराचे नमन परिबल गाळ्याच्या मध्यावर सर्वाधिक असते, म्हणून तपासणी प्रथम तेथे करतात.

दाब धन व ताण ऋण मानल्यास:

वरच्या कडेला: P/A − Pe/Z + M/Z
खालच्या कडेला: P/A + Pe/Z − M/Z

येथे P केबलमधील बल, A छेदाचे क्षेत्रफळ, e उत्केंद्रता, Z छेद गुणांक आणि M भारामुळे येणारे नमन परिबल आहे.

उदाहरणादाखल, १० मीटर गाळ्याची, ३०० मिमी रुंद व ६०० मिमी खोल तुळई घेऊ. केबलचे बल ७२० किलोन्यूटन व उत्केंद्रता १५० मिमी आहे. पहिले पद ४ आणि दुसरे ६ मेगापास्कल येते. स्वभार मीटरला ४.५ किलोन्यूटन असून त्याचे प्रतिबल ३.१२ मेगापास्कल आहे. बल काँक्रीटवर सोडताच वर १.१२ व खाली ६.८८ मेगापास्कल दाब राहतो. स्वभार वगळला असता, तर वरच्या कडेला २ मेगापास्कल ताण दिसला असता. विद्यार्थ्यांची ही नेहमीची चूक आहे.

पुढे मीटरला ९.५ किलोन्यूटन भार वाढल्यावर एकूण नमन प्रतिबल ९.७२ होते. खाली १० − ९.७२, म्हणजे ०.२८ मेगापास्कल दाब उरतो. हे समाधान फसवे आहे. काँक्रीटचे आकुंचन व सरपण आणि तारांची शिथिलता यांमुळे केबलचे बल कालांतराने घटते. ही घट २० टक्के धरल्यास बल ५७६ किलोन्यूटन उरते व खालच्या कडेला ८ − ९.७२, म्हणजे १.७२ मेगापास्कल ताण येतो.

हा ताण चालेल का? आयएस १३४३ या भारतीय मानकातील प्रकार १ च्या तुळईत ताण मुळीच चालत नाही. प्रकार २ मध्ये दिसणारी भेग न पडता मर्यादित ताण चालतो. अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात भूजल खारे आहे. तेथे जमिनीलगतच्या तुळईला भेग पडल्यास क्षार तारांपर्यंत पोचून त्या गंजू शकतात, आणि अतिताणातली तार पूर्वसूचना न देता तुटू शकते. म्हणून अशा ठिकाणी प्रकार १ निवडणे इष्ट. त्यासाठी घटीनंतर ७०० किलोन्यूटन बल उरले पाहिजे, म्हणजे आरंभी ८७५ हवे. या वाढीव बलानेही ते सोडताना वरच्या कडेला ०.६९ मेगापास्कल दाब राहतो, म्हणून बदल ग्राह्य आहे.

हा निष्कर्ष मध्यगाळ्यापुरता आहे. टोकांशी स्वभाराचे परिबल शून्य असल्याने सरळ केबल तेथे वरच्या कडेला ताण देते. म्हणून बऱ्याच तुळयांत केबल टोकांकडे वर वळवलेली असते.