नव्या होलसेलरकडून उधारीची मर्यादा आणि मुदत वाढवून घेताना

प्रकाशात कापडाचं किंवा रेडिमेडचं दुकान असलेल्यांचा बहुतेक माल सुरतहून येतो. जुना व्यापारी असला तर फोनवर काम होतं. नवा व्यापारी मात्र आधी दोन-तीन बिलं रोखीने घेतो, मग थोडी उधारी उघडतो आणि तिथेच थांबतो. ती वाढवून कशी मागायची, हे इथल्याच एका दुकानाच्या हिशोबावरून सांगतो. माझ्या एका माजी विद्यार्थ्याच्या वडिलांचं ते दुकान. अर्ज लिहून द्या म्हणून ते माझ्याकडे आले होते. मास्तरकीत असे अर्ज बरेच लिहावे लागतात!

नव्या व्यापाऱ्याने त्यांना ५० हजारांची मर्यादा आणि ३० दिवसांची मुदत दिली होती. चाचांचं म्हणणं एवढंच होतं, "सर, फक्त दिवस वाढवून मागा, साठ दिवस." इथेच पहिली चूक होते. मर्यादा म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती रक्कम थकीत राहू शकते ती. मर्यादा तीच ठेवून मुदत ६० दिवस केली, तर ५० हजारांचा माल दोन महिन्यांत एकदाच उचलता येईल, म्हणजे महिन्याला फक्त २५ हजारांचा. आता ३० दिवसांत ते महिन्याला ५० हजारांचा उचलत होते. पैसे द्यायला वेळ मिळाला असता, पण दुकानातला माल अर्धा झाला असता. म्हणून दोन्ही गोष्टी एकत्र मागाव्या लागतात.

किती दिवस मागायचे हे अंदाजाने ठरवू नये. आम्ही मागच्या सहा महिन्यांची वही उघडली. दुकानात आलेला माल विकायला सरासरी ३५ दिवस लागत होते. विक्रीपैकी साधारण ४० टक्के उधारीवर होती आणि ती उधारी महिनाभराने वसूल होत होती. १०० रुपयांपैकी ४० रुपये ३० दिवस अडकतात, म्हणजे सगळ्या रकमेवर सरासरी १२ दिवस. ३५ आणि १२ मिळून ४७ दिवस. म्हणजे माल आल्यापासून दीड महिन्याने पैसा हातात येतो. साठ दिवसांची गरजच नव्हती, ४५ पुरेसे होते. या व्यापाऱ्याकडून महिन्याला ८० हजारांचा माल हवा होता. ८० हजारांच्या दीडपट १ लाख २० हजार, तेवढीच मर्यादा मागितली. असा आकडा मागितला की समोरच्याला त्यामागचा हिशोब दिसतो. नुसतं "दोन लाख करा ना शेठ" म्हटलं की तो सावध होतो.

४५ दिवसांमागे कायद्याचंही एक कारण आहे. व्यापाऱ्याच्या बिलावर उद्यम नोंदणी क्रमांक छापला होता आणि माल तो स्वतःच्या कारखान्यात शिवून घेत होता. सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाला पैसे देण्याची मुदत, लेखी करार असला तरी, २००६ च्या एमएसएमई कायद्याने ४५ दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही. लेखी करार नसेल तर १५ दिवसच धरले जातात. मुदत उलटली की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागण्याचा हक्क त्याला मिळतो. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून अशी थकलेली रक्कम त्या वर्षाच्या खर्चात धरता येत नाही, अशी आयकराची तरतूद आली. ती आपल्याला कितपत लागू आहे हे आपल्या सीएला विचारावं. समोरचा नुसता खरेदी-विक्री करणारा व्यापारी असेल, तर उद्यम नोंदणी असूनही त्याला ही ४५ दिवसांची तरतूद लागू होत नाही. मग मुदत आपसात ठरेल ती. म्हणून तो माल बनवतो की फक्त विकतो, हे आधी विचारून घ्या.

दिवस कधीपासून मोजायचे हेही लिहून घ्यावं. कायद्यात मोजणी माल हातात मिळाल्यापासून होते. व्यापारी मात्र सहसा बिलाच्या तारखेपासून मोजतो. ट्रान्सपोर्टने सुरतहून माल यायला तीन-चार दिवस लागले, तर तेवढे आपले गेले. बिल्टीवर माल मिळाल्याची तारीख टाकून फोटो त्याच दिवशी पाठवला की वाद होत नाही. खराब निघालेले नगही लगेच लेखी कळवावेत. परत केलेल्या मालाची वजावट महिनाभर लटकली की खातं उगीच थकीत दिसतं, आणि नव्या ग्राहकावरचा भरोसा उडण्याचं ते नेहमीचं कारण आहे.

व्यापाऱ्याला प्रकाशा कुठे आहे हेही माहीत नसतं. त्याला एवढंच हवं असतं की हा माणूस वेळेवर देतो का. आम्ही अर्जाला चार गोष्टी जोडल्या. चालू खात्याचे सहा महिन्यांचे स्टेटमेंट, जीएसटी क्रमांक, जुन्या एका व्यापाऱ्याकडचा वर्षाचा खातेउतारा आणि याच व्यापाऱ्याच्या पाच बिलांचा तक्ता : बिलाची तारीख, देय तारीख, प्रत्यक्ष दिल्याची तारीख. जीएसटीच्या पोर्टलवर कुणीही आपला क्रमांक टाकून रिटर्न भरलेत की नाहीत ते पाहू शकतो, म्हणून राहिलेलं रिटर्न आधी भरून घ्यावं. पाचपैकी एक बिल सहा दिवस उशिरा दिलं गेलं होतं. चाचा म्हणाले, ते दाखवू नका. मी म्हटलं, त्याच्या वहीत ते आहेच, कारणासकट लिहू.

पत्र हिंदीत व्हॉट्सॲपवर गेलं. मजकूर मराठीत असा :

"शेठजी, आपल्याकडून पाच महिन्यांत पाच बिलांचा माल घेतला. चार वेळेवर दिली, एक सहा दिवस उशिरा, कारण ऊसाचं बिल लांबल्याने गिऱ्हाईकांची वसुली अडकली होती. तक्ता सोबत आहे. महिन्याला ८० हजारांचा माल आपल्याकडून घ्यायचा आहे. आमचा पैसा सुमारे ४७ दिवसांत फिरतो. म्हणून मर्यादा १ लाख २० हजार आणि मुदत माल मिळाल्यापासून ४५ दिवस करावी ही विनंती. दिवाळी आणि लग्नसराईत दोन-दोन महिन्यांसाठी ५० हजार जादा लागतील. त्यापुढचा माल रोखीने घेऊ. एकही बिल मुदतीबाहेर गेलं तर ते मिटेपर्यंत नवा माल मागणार नाही."

शेवटच्या वाक्याने बरंच काम केलं. त्यातून व्यापाऱ्याचा तोटा कुठे थांबेल हे त्याला कळतं.

व्यापाऱ्याने उत्तरात दोन गोष्टी मागितल्या. एक, उशीर झाल्यास महिन्याला २ टक्के व्याज. चाचांना हे नको होतं, दीन म्हणूनही आणि हिशोब म्हणूनही. त्याऐवजी त्यांनी सुचवलं की भाव ४५ दिवसांचा एकच ठरवा, आणि १० दिवसांत पैसे दिले तर २ टक्के वटाव द्या. उधारीचा भाव रोखीपेक्षा जास्त असला तरी सौद्याच्या वेळी एकच पक्का ठरला तर बहुतेक उलमा तो जायज मानतात. नंतर उशिरावर रक्कम वाढवणं वेगळं. मात्र कायद्यातला व्याजाचा हक्क त्यामुळे संपत नाही, म्हणून वेळ पाळणं हाच खरा बचाव.

दुसरी मागणी कोऱ्या सही केलेल्या चेकची. इथे मी ठाम नाही म्हणालो. असा चेक समोरच्याने नंतर रक्कम भरून टाकला तरी तो वैध देण्यासाठीच दिला असं न्यायालय धरून चालतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. तसं नव्हतं हे सिद्ध करणं मग आपल्यावर येतं. त्याऐवजी प्रत्येक बिलाला त्या रकमेचा आणि देय तारखेचा, अकाउंट पेयी चेक द्यायचं ठरलं. चेक परतला तर नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यावेच लागतात, नाहीतर फौजदारी केस उभी राहते. म्हणून चेकच्या तारखा दुकानाच्या वहीत पहिल्याच पानावर लिहिल्या.

मुदत ४५ दिवस मिळाली. मर्यादा मात्र ९० हजारच झाली, म्हणजे महिन्याला ६० हजारांचा माल. तीन महिने सगळी बिलं वेळेवर गेली तर पुन्हा बोलू, असं व्यापारी म्हणाला. उरलेला २० हजारांचा माल सध्या रोखीने, वटाव घेऊन उचलला जातो.