नऊचा छेद

संगमनेरकडच्या एका शाळेत मी गणित शिकवत होतो, तेव्हा चाचणीचे कागद सायक्लोस्टाइलवर निघत. स्टेन्सिलवर आकडे टंकलेखन यंत्राने उमटायचे, पण आवर्ती अंकांवरची रेघ हाताने, टोकदार लेखणीने ओढावी लागे. एकदा नववीच्या कागदावर ती रेघ जरा डावीकडे सरकली. उत्तरसूची मी आधीच लिहून ठेवली होती. तपासायला बसलो तर वर्गातली सगळ्यात हुशार मुले चुकलेली, आणि ज्यांनी रेघेकडे फारसे पाहिलेच नव्हते त्यांतली दोघे बरोबर! चूक माझी होती हे कळायला अर्धी रात्र गेली.

गणित होते ०.५८३. रेघ फक्त ३ वर असेल तर उत्तर ७/१२. ती ८३ वर गेली की उत्तर २८९/४९५. तिन्ही अंकांवर ओढली की ५८३/९९९. आणि शाई न उमटून रेघच गायब झाली तर ५८३/१०००. एकाच आकड्याची ही चार उत्तरे, आणि चारही आपापल्या जागी अचूक. (एकाच अंकाची आवृत्ती असेल तर पुस्तकात रेघेऐवजी डोक्यावर टिंब देतात. मराठी मुले त्याला हमखास अनुस्वार म्हणतात, आणि अनुस्वाराइतक्याच सहजपणे विसरतात.)

पहिले उत्तर कसे निघते ते पाहू. क्ष = ०.५८३३३… धरा. न फिरणारे अंक दोन आहेत, म्हणून आधी १०० ने गुणले : १०० क्ष = ५८.३३३…. आता फिरणारा एक अंक चिन्हापलीकडे ढकलायचा, म्हणून १००० ने : १००० क्ष = ५८३.३३३…. दोन्हींच्या शेपट्या हुबेहूब सारख्या झाल्या, वजाबाकी केली की त्या उडतात. ९०० क्ष = ५२५ उरते, आणि ५२५/९०० ला ७५ ने भागले की ७/१२. रेघ ८३ वर असती तर १००० क्ष मधून १० क्ष वजा केले असते : ९९० क्ष = ५८३ − ५ = ५७८, म्हणजे २८९/४९५. छेदातले नऊ येतात ते या वजाबाकीतून. जितके अंक फिरतात तितके नऊ, आणि जितके नुसतेच मध्ये उभे असतात तितकी शून्ये. आमच्या पिढीने हा नियम घोकला होता. नऊ कुठून आले, हे मात्र मला शिक्षक झाल्यावर उमगले.

या वजाबाकीचे कूळ शोधायला गेलो तर ते दशांश अपूर्णांकांपेक्षा बरेच धाकटे निघाले. युरोपात दशांशाचा रोजच्या हिशेबासाठी प्रसार केला तो सायमन स्टेविनने, १५८५ च्या एका छोट्या पुस्तिकेत. ४ ला ३ ने भागताना तिनाचा भागाकार संपतच नाही, हे त्यालाही दिसले होते. पण तो व्यवहारी माणूस. हवे तितके जवळ जा आणि थांबा, असे सांगून त्याने विषय मिटवला. बरोबर शंभर वर्षांनी, १६८५ मध्ये, जॉन वॉलिसने आपल्या बीजगणितात थांबणाऱ्या आणि न थांबणाऱ्या भागाकारांतला फरक मांडला : छेदात २ आणि ५ यांखेरीज दुसरा मूळ अवयव असेल तर भागाकार संपत नाही. पुढे ऑयलरच्या १७७० च्या बीजगणितात आज आपण फळ्यावर करतो तीच दहाने गुणून वजा करण्याची रीत भेटते.

शेपट्या उडतात, असे मी वर सहज म्हटले खरे. पण न संपणारी शेपटी उडवायला हक्क कोणता? ०.३३३… म्हणजे ३/१० + ३/१०० + ३/१००० अशी न संपणारी बेरीज. तिला निश्चित किंमत आहे हे ठरले तरच वजाबाकीला अर्थ. या जातीची बेरीज केरळच्या नीलकंठ सोमयाजींनी आर्यभटीयावरच्या भाष्यात समजावून दिली आहे : १/४ + १/१६ + १/६४ + … = १/३. दशांश चिन्ह त्यांच्यासमोर नव्हते. पण चारच्या पायाने अपूर्णांक लिहिले तर ही बेरीज ०.१११… अशीच दिसेल, आणि छेदात नवाऐवजी तीन येईल, कारण ४ − १ = ३. नवाचे माहात्म्य दहा बोटांमुळे, एवढेच.

आपल्याकडच्या माणसाला आवर्ती दशांशाची गरज का पडली नाही, हे पावकी-निमकीवरून लक्षात येते. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा ही सगळी दोनाच्या घरातली मंडळी, त्यांचा दशांश कुठेतरी थांबतोच. जुना आणा म्हणजे रुपयाचा १६ वा भाग : ०.०६२५, संपला. घोळ घालायची ती पै. आण्याच्या १२ पै, म्हणजे रुपयाचा १९२ वा भाग, आणि १९२ मध्ये एक तीन लपलेला आहे. १/१९२ = ०.००५२०८३३३…, तीन फिरतच राहतात.

उत्तरसूची तपासण्याची माझी युक्ती या पैनेच शिकवली. १९२ म्हणजे ६४ गुणिले ३, आणि ६४ म्हणजे सहा दोनांचा गुणाकार. आता फिरणाऱ्या तिनाआधीचे अंक मोजा : ०, ०, ५, २, ०, ८. सहाच. अतिसंक्षिप्त अपूर्णांकाच्या छेदात २ आणि ५ यांपैकी ज्याची संख्या जास्त, तितके अंक आवर्तनाआधी उभे राहतात. १२ मध्ये दोन वेळा २ आहे, म्हणून ०.५८३३३… मध्ये ५ आणि ८ हे दोन उभे. ४९५ मध्ये ५ एकदाच, म्हणून एकटा ५ उभा. ९९९ मध्ये यांपैकी कोणीच नाही, म्हणून पहिल्या अंकापासून फेर सुरू. सूचीतला छेद पाहायचा आणि रेघ कुठून सुरू होते ते ताडायचे. त्या रात्री हे ठाऊक असते तर लवकर झोपलो असतो.

दोन अडचणी मात्र या युक्तीने सुटत नाहीत. एक म्हणजे अतिसंक्षिप्त रूप. ०.१४२८५७ च्या सहाही अंकांवर रेघ असली की मुले १४२८५७/९९९९९९ लिहून मोकळी होतात. ते चूक नाही, पण मसावि काढला तर तो १४२८५७ हाच निघतो आणि उरते १/७. भागाकार पद्धतीने पहिल्याच पायरीला बाकी शून्य येते, तरी कोणी भागून पाहत नाही. दुसरी अडचण कॅल्क्युलेटरची. २/३ ला तो पुष्कळदा शेवटी ७ दाखवतो, आणि त्या ७ चे काय करायचे या विचारात मूल अडकते.

१/७ चे नाव निघाले की देवळालीच्या कापरेकरांची आठवण होते. ६१७४ मुळे जगाला माहीत झालेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर १९३० ते १९६२ शाळेत शिकवत होते, आमच्या डोंगरापलीकडेच. १९५० मध्ये त्यांनी आवर्ती दशांशांच्या चक्रांवर इंग्रजीत एक पुस्तक काढले : ३ पासून १६१ पर्यंतच्या छेदांचे. १९५३ मध्ये दुसरा भाग आला. आम्ही दशांशाकडून अपूर्णांकाकडे जातो, ते उलट दिशेने चालले. हाताने भागाकार करत, फेर पुरा होईपर्यंत. १/७ चा फेर सहा अंकांचा, १/१७ चा सोळा, १/९७ चा शहाण्णव. त्या शहाण्णवांतला एक अंक चुकला तर कागदाकडे बघून कळणार नाही. पण अशा सम लांबीच्या फेराचे मधोमध दोन तुकडे करून एकाखाली एक मांडले आणि बेरीज केली की सगळे नऊ यावे लागतात : १४२ + ८५७ = ९९९. छेद मूळ संख्या असला की हे हटकून जुळते.

आता कागद संगणकावर होतात. तिथे रेघ सरकत नाही, ती अक्षरशः नाहीशी होते : फाँट बदलला की गेली. म्हणून मी सूचीच्या प्रत्येक ओळीत रेघेबरोबर लांब रूपही लिहितो, ०.५८३३३३…, आणि शेजारी ७/१२. ८३ वाल्या ओळीत ०.५८३८३८३…. तिन्ही अंक फिरत असतील तर ०.५८३५८३५८३….